अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना व्हॉट्सॲपचे जुने चॅट कसे आणावेत?

प्रश्न: आईसाठी परवा आयफोन घेतला आणि सेटअपही करून टाकला. आधीचा फोन अँड्रॉइड आहे. व्हॉट्सॲप आयफोनवर सुरू केले, पण गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप दिसतच नाही. चॅट, फोटो आणि कॉन्टॅक्ट आता आणता येतील का?

उत्तर: येतील, पण आयफोन पुन्हा कोरा करावा लागेल. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप फक्त अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲप वाचू शकते आणि आयफोनवरचे व्हॉट्सॲप आयक्लाउडकडेच पाहते. त्यामुळे चॅट एका फोनमधून दुसऱ्यात थेट न्यावे लागतात. हे काम ॲपलचे Move to iOS हे ॲप करते आणि आयफोनचा सेटअप चालू असतानाच त्याच्याशी जोडणी करता येते. फोन परवाच घेतलेला असल्याने कोरा करण्यात फारसे नुकसान नाही. या दोन दिवसांत आयफोनवर आलेले संदेश मात्र जुन्या चॅटमध्ये मिसळले जाणार नाहीत. त्यांतले महत्त्वाचे काही असेल तर ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

आयफोन पुसण्याआधी जुना फोन तयार करा. आयफोनवर नोंदणी केल्यामुळे तिथले व्हॉट्सॲप बाहेर पडले असेल. सिम परत जुन्या फोनमध्ये घालून त्याच क्रमांकाने पुन्हा नोंदणी करा. ॲप काढून टाकलेले नसेल, तर चॅट त्या फोनमध्येच असतात. सगळे चॅट उघडत आहेत ना, हे पाहून घ्या आणि व्हॉट्सॲप अद्ययावत करा. मेमरी कार्ड असेल तर त्यावरचा मजकूरही हिशेबात धरा. समजा, व्हॉट्सॲप १८ जीबी आणि कॅमेऱ्याचे फोटो ४० जीबी आहेत. मग १२८ जीबीच्या आयफोनमध्ये ते सहज मावतील, पण ६४ जीबीच्या फोनमध्ये यंत्रणेनेच बरीच जागा घेतलेली असल्यामुळे आधी जुन्या व्हिडिओंना निरोप द्यावा लागेल.

आता आयफोनवर Settings, General, Transfer or Reset iPhone या मार्गाने जाऊन Erase All Content and Settings निवडा. फोन पुन्हा सुरू झाल्यावर माहिती कुठून आणायची असे विचारणारा पडदा येतो, तिथे From Android निवडा. दोन्ही फोन चार्जरला लावा आणि एकाच वायफायवर ठेवा. आयफोनवर दिसणारा कोड जुन्या फोनवरील Move to iOS मध्ये टाइप केला की काय न्यायचे याची यादी येते. त्यात व्हॉट्सॲप निवडल्यावर ते उघडते. तिथे START दाबून माहिती तयार होईपर्यंत थांबावे, मग NEXT दाबून Move to iOS मध्ये परतावे. माहिती तयार होताच जुन्या फोनवरचे व्हॉट्सॲप बाहेर पडते, त्याने घाबरू नये.

गोष्ट फसते ती बहुधा याच टप्प्यावर. आयफोन स्वतःचे तात्पुरते वायफाय तयार करतो. त्यावर इंटरनेट नसल्यामुळे काही अँड्रॉइड फोन ते सोडून आपणहून मोबाइल डेटाकडे वळतात आणि प्रगतीची रेषा अर्ध्यावर अडकते. म्हणून जुन्या फोनचा मोबाइल डेटा आणि आपोआप नेटवर्क बदलण्याची सोय आधीच बंद करा, Move to iOS समोरच उघडे ठेवा आणि मधे फोन घेऊ नका. जुना फोन ‘झाले’ म्हणाला, तरी आयफोनवरची रेषा पूर्ण होईपर्यंत दोन्ही फोन तसेच राहू द्यावेत. नंतर सिम आयफोनमध्ये घाला, ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या आणि त्याच क्रमांकाने शिरून Start दाबा. क्रमांक बदलला, तर चॅट मिळणार नाहीत. कॉलचा इतिहास मात्र कोणत्याही परिस्थितीत येत नाही.

फोटोंच्या बाबतीत एकच अडचण आहे. गूगल फोटोजमधली जागा मोकळी करण्याची सोय पूर्वी वापरली असेल, तर मूळ फोटो फोनमध्ये नसतात आणि जे फोनमध्ये नाही ते हे ॲप नेत नाही. असे फोटो आयफोनवर गूगल फोटोज टाकून पाहता येतील.

कॉन्टॅक्ट मी यादीतून वगळतो. आपल्याकडे काही नावे सिमवर, काही फोनमध्ये आणि उरलेली गूगल खात्यात असा प्रकार सर्रास दिसतो. जुन्या फोनवर ती सारी गूगल खात्यात जमा करा आणि आयफोनवर तेच खाते जोडून त्यातले Contacts सुरू करा. दोन्ही मार्ग वापरलेत, तर प्रत्येक मामा-मावशी दोनदा दिसेल.

जुना फोन विकण्याआधी आयफोनवर सर्वांत जुना ग्रुप उघडून त्यातले दोन-चार फोटो आणि आवाजी संदेश चालतात का ते तपासा, आणि मग आयक्लाउडवर बॅकअप घ्या. तो होईपर्यंत जुन्या फोनमधले व्हॉट्सॲप काढू नका, कारण नेल्यानंतरही तिथली मूळ प्रत पुसली जात नाही.