वरचा सा नसलेलं वाद्य

«क्लॅरिनेट आणि ओबो दोन्ही काळी, दोन्ही लाकडी, लांबीलाही साधारण सारखीच. मग एकच सूर वाजवला तरी एकाचा आवाज पोकळ, गोल आणि दुसऱ्याचा नाकातला, टोकदार का? हार्मोनिक्सशी याचा काय संबंध?»

बहुतेक लोक पत्तीकडे बोट दाखवतात: क्लॅरिनेटला एक पत्ती, ओबोला दोन. पण सॅक्सोफोनलाही क्लॅरिनेटसारखी एकच पत्ती असते, आणि त्याचा आवाज काही क्लॅरिनेटसारखा येत नाही. खरी गोम आहे नळीच्या पोटात. क्लॅरिनेटचं भोक जवळजवळ शेवटपर्यंत सारख्याच रुंदीचं असतं. ओबोचं पत्तीपाशी अगदी बारीक आणि खाली रुंद होत गेलेलं. ओबो इकडं कोल्हापुरात फारसा दिसत नाही, पण लग्नातली सनई डोळ्यांसमोर आणा, त्याच घराण्यातला तो.

मी आधी थोडीफार सनई वाजवायचो. मग शिवाजी पेठेत एका बँडच्या तालमीला जायला लागलो तेव्हा हातात क्लॅरिनेट आलं. सनईवर फुंक आवळली की सूर उडी मारून वरच्या सा वर जातो. क्लॅरिनेटला त्यासाठी मागं अंगठ्यापाशी चावी असते. ती दाबली, तर सा च्या ऐवजी वरचा प लागला. मला वाटलं वाद्यच बिघडलंय. मास्तरांना दाखवलं तर ते हसले, "आरं, ते असंच असतंय. त्याला वरचा सा ठावंच न्हाई."

गंमत म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. तानपुरा छेडला की एकाच तारेतून सा, वरचा सा, त्याच्या वरचा प, आणखी वरचा सा, मग स्वयंभू गंधार असे सूर निघतात, हे आपण जाणतो. मूळ सुराच्या 1, 2, 3, 4, 5 पट कंपनांची ती रांग, म्हणजेच हार्मोनिक्स. कुठलंही वाद्य एक सूर वाजवतं तेव्हा ही अख्खी रांगच वाजत असते, आणि तिच्यातलं कोण मोठ्यानं बोलतं, कोण गप्प राहतं यावर आवाजाचा पोत ठरतो.

आता एकच सूर घेऊ: सेकंदाला 233 कंपनं, म्हणजे पेटीवरची काळी पाच. ओबोचा हा सगळ्यात खालचा सूर. हवेतली एक लाट इथं सुमारे 148 सेंटिमीटर लांब. क्लॅरिनेटची नळी पत्तीपाशी बंद आणि पुढं उघडी. बंद टोकाला दाबाची चढउतार सगळ्यात जास्त, उघड्या टोकाला जवळपास शून्य. अशा नळीत पाव लाट बसते, म्हणून 37 सेंटिमीटर नळीवर काम भागतं आणि निम्मी भोकं उघडी ठेवूनही हा सूर मिळतो. त्यानंतर बसते ती पाऊण लाट, म्हणजे तिप्पट कंपनं, 699. मग पाचपट, 1165. दुप्पट (466) आणि चौपट (932) मात्र बसत नाहीत. सा, प, ग आहेत आणि मधले सा गायब, म्हणून तो पोकळपणा.

ओबोही पत्तीपाशी बंदच, पण त्याची नळी शंकूची. शंकूच्या टोकाकडे जाताना लाट दाटत जाते, दाब वाढत जातो. हिशेब करताना दाबाला टोकापासूनच्या अंतरानं गुणलं की तो गुणाकार सरळ नळीतल्या लाटेसारखाच वागतो, आणि टोकाला अंतरच शून्य असल्यामुळं गुणाकारही शून्य. म्हणजे दोन्ही टोकं शून्य, त्यामुळं अर्धी लाट बसते, मग पूर्ण, मग दीड. 233, 466, 699, 932, रांगेतलं कुणी सुटत नाही. त्याची किंमत म्हणून त्याच सुराला दुप्पट, सुमारे 74 सेंटिमीटर लांबी लागते. खरा ओबो त्याहून थोडा आखूड असतो, कारण शंकूचं टोक कापलेलं असतं आणि त्याची जागा पत्ती भरून काढते.

पण ओबोच्या नाकातल्या आवाजाचं कारण एवढंच नाही. खालच्या सुरांत त्याचा मूळ सा च अशक्त असतो आणि जोर 1000 कंपनांच्या आसपास एकवटतो. आपल्या कानाला मूळ सूर ऐकू येतो तो बराचसा वरच्या रांगेवरून.

फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप असेल तर क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांवर करून बघा: पहिला, तिसरा, पाचवा सुळका उंच, दुसरा आणि चौथा बुटके. शून्य मात्र दिसणार नाहीत, कारण भोकं आणि पुढचा फुगीर भाग यांमुळं नळी आदर्श नसते. सातव्या-आठव्याच्या पुढं तर सम-विषम भेद पुसट होतो. आणि ती अंगठ्याची चावी दाबून वर गेलात की हा नियम आणखी ढिला पडतो. त्यामुळं प्रयोग वरच्या सुरांवर करून "सगळे हार्मोनिक्स तर दिसतायत" असं म्हणू नका. मी तेच केलं होतं आणि दोन दिवस ॲपलाच शिव्या घातल्या होत्या.