मध्ये काच सरकवली की हवेवरचा ताण वाढतो

प्रश्न: पॅरलल प्लेट कपॅसिटरमध्ये दोन डायइलेक्ट्रिकचे थर असतील तर दोन्ही k ची सरासरी का घेत नाहीत? आणि लांब सिलिंड्रिकल कपॅसिटरच्या सूत्रात ln कुठून येतो? सूत्रं पाठ आहेत, कळत नाहीत.

सरासरी चालते, पण दोन्ही पदार्थ शेजारी शेजारी असतील आणि प्रत्येकाने प्लेटची निम्मी जागा व्यापली असेल तरच. एका प्लेटकडून दुसरीकडे सरळ जाताना दोन्ही थर ओलांडावे लागत असतील तर ते सिरीज. तिथे D दोन्ही थरांत तोच राहतो, E मात्र ज्याचा k मोठा त्याच्यात कमी होतो. दोन थरांवरच्या व्होल्टेजची बेरीज केली की

`C = ε0 A / (d1/k1 + d2/k2)`

प्रत्येक थराची जाडी त्याच्या k ने भागायची, म्हणजे तेवढ्या जाडीची हवाच आहे असं समजायचं. बस्स.

आता या सूत्रावरून कामावर माझं चांगलंच वाजलं होतं, ते सांगतो. आमच्याकडे हाय व्होल्टेजच्या टेस्ट बेंचवर दोन सपाट प्लेटा होत्या, मध्ये ६ मिमी हवा. ५० हर्ट्‌झचा एसी, शिखराला १० किलोव्होल्टच्या आसपास. सगळं शांत चालायचं. आमच्या साहेबांना मात्र ते बघून धडकी भरायची, म्हणून त्यांनी ५ मिमीची काच मागवली. "काच हवेपेक्षा कितीतरी भारी इन्सुलेटर, घालून टाका." मी म्हटलं, साहेब, १ मिमी हवा उरतेय, ती फुटेल. उत्तर आलं, "पुस्तकी बोलू नकोस."

हिशेब तुम्हीच करा. काचेचा k ५ धरू (खिडकीच्या काचेचा ७ च्या आसपास असतो, म्हणजे प्रकरण आणखी वाईट). काच नव्हती तेव्हा हवेत १०/६, म्हणजे मिमीला १.७ किलोव्होल्ट. साधी हवा मिमीला साधारण ३ सोसते, फट बारीक असेल तर थोडं जास्त. काच घातल्यावर ५ मिमी काच म्हणजे १ मिमी हवा, आणि खरी हवा १ मिमी. व्होल्टेज निम्मं निम्मं वाटलं गेलं. हवेच्या त्या एका मिलिमीटरवर आता ५ किलोव्होल्ट! काचेत मिमीला फक्त १, ती निवांत. कपॅसिटन्स तिप्पट झाली हेही खरं, पण त्याचं कौतुक कुणाला?

चालू केल्याबरोबर सुरसुर सुरू झाली, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास सुटला आणि दिवे मालवल्यावर फटीत जांभळट उजेड दिसला. पूर्ण ठिणगी पडली नाही, कारण काच करंट अडवून धरते. साहेब म्हणाले काच दमट असेल. पुसली, वाळवली, सुरसुर तशीच. काच काढली, थांबली. तरी शेवटपर्यंत त्यांच्या मते दोष काचेच्या दुकानदाराचा.

हाच प्रकार मुद्दाम घडवून ओझोन बनवतात. वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ साली त्यासाठी जे उपकरण केलं ते एकात एक बसवलेल्या काचेच्या नळ्यांचं होतं, म्हणजे तुमचा सिलिंड्रिकल कपॅसिटर. तिथे ln येतो कारण आतून बाहेर जाताना तेवढाच फ्लक्स वाढत्या पृष्ठभागावर पसरतो. r त्रिज्येवर क्षेत्रफळ 2πrL, म्हणून E हा 1/r प्रमाणे घटतो, आणि 1/r चं a पासून b पर्यंत इंटिग्रेशन म्हणजे ln(b/a):

`C = 2π ε0 k L / ln(b/a)`

खरं की खोटं ते केबलवर बघा. RG-58 मध्ये आतली तार सुमारे ०.९ मिमी, पॉलिथिनचा बाहेरचा व्यास २.९५ मिमी, k २.२५. मीटरला १०५ पिकोफॅरड येतात, डेटाशीटवर १०० च्या आसपास असतात. इथेही दोन थर असतील तर तीच युक्ती: प्रत्येक थराचा ln त्याच्या k ने भागून बेरीज करायची. E आतल्या तारेलगत सर्वांत जास्त, म्हणून तिथे अडकलेला हवेचा बुडबुडा सर्वांत आधी सुरसुरतो. आतला थर मोठ्या k चा ठेवतात तो याचसाठी, तारेजवळचा ताण उतरावा म्हणून.

एक राहिलंच. वरचं सगळं एसीसाठी. डीसी बराच वेळ लावून ठेवलात तर वाटणी k वर नाही, थरांच्या रोधावर ठरते. आणि कडांवर फील्ड वाकतं ते आपण सोडून दिलंय, त्यामुळे प्लेटा फटीच्या मानाने मोठ्या आणि सिलिंडर लांब हवा. परीक्षेत हे विचारत नाहीत. कामावर "काच भारी, घाला" म्हणणारा कुणी भेटला तर आधी त्याला विचारा, हवा किती उरतेय.