पँटचे गुडघे आणि स्वेटरची कोपरं का फुगतात?

प्रश्न: नागपुरात राहतो. रोज स्कूटरवर ऑफिस, तिथे दिवसभर खुर्ची. नवी कॉटन स्ट्रेच पँट दोन दिवसांत गुडघ्यावर फुगते, हिवाळ्यात स्वेटरच्या कोपरांचंही तेच. असं का होतं आणि कोणतं कापड घेतलं तर परत जागेवर येईल?

गुडघा दुमडला की त्याच्यावरची कातडी उभ्या दिशेने साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडी जास्तच ताणते. उभं असताना गुडघ्याभोवतीचा १५ सेंटिमीटरचा पट्टा धरला, तर बसल्यावर तिथे सुमारे ५ सेंटिमीटर कापड जास्तीचं लागतं. त्यातलं बरंचसं पँट सरकून मिळतं; बसल्यावर मोहरी वर चढून मोजे दिसतात, ते याचमुळे. धरा, साडेतीन सेंटिमीटर असं मिळालं. उरलेला दीड सेंटिमीटर कापडालाच ताणून द्यावा लागतो, म्हणजे १० टक्के.

तुम्ही उठल्यावर त्यातलं बहुतेक परत येतं. पण धरा, ३ टक्के राहून गेलं, म्हणजे फक्त साडेचार मिलिमीटर. ही जास्तीची लांबी १५ सेंटिमीटरच्या जागेत मावत नाही, म्हणून कापड कमानीसारखं बाहेर येतं, आणि त्या कमानीची उंची भूमितीने जवळजवळ १६ मिलिमीटर भरते. राहून गेलेली लांबी १ टक्का असली तरी कमान ९ मिलिमीटरची होते. म्हणून कापड किती ताणतं याला फारसं महत्त्व नाही, ते किती पूर्ण परत येतं यालाच आहे.

तुमच्या स्ट्रेच पँटचा दोष बहुधा इथेच आहे. अशा कापडांत स्पॅन्डेक्स हा रबरासारखा ताणणारा धागा असतो, आणि तो बहुतेक वेळा फक्त आडव्या धाग्यात, म्हणजे बाण्यात घातलेला असतो. मांडीला, कमरेला त्याने आराम मिळतो, पण गुडघा ताण देतो तो मुख्यतः उभ्या दिशेला, आणि तिथे उभे, म्हणजे ताण्याचे, साधे सुती धागेच असतात. इतवारी, गांधीबागेत कापड घेताना किंवा तयार पँट बघताना हे दोन मिनिटांत तपासता येतं. लांबीच्या दिशेने १० सेंटिमीटरवर दोन खुणा खडूने करा, ११ सेंटिमीटरपर्यंत ताणून एक मिनिट धरा, सोडा आणि आणखी एक मिनिटाने मोजा. १०.१ किंवा त्याहून कमी आलं तर चांगलं; १०.३ च्या पुढे गेलं तर ते कापड गुडघ्यासाठी सोडून द्या. कापड ११ पर्यंत जातच नसेल तर जोर लावू नका. अशा कापडात तुम्हाला पँटचा सैलपणाच वाचवेल, त्यामुळे शिवताना गुडघ्याचं माप घट्ट ठेवू नका. दोन-तीन सेंटिमीटर ढील आणि गुडघ्याखालपर्यंत गुळगुळीत अस्तर असलं की कापड अडकत नाही, सरकतं, आणि ताण मुळातच कमी पडतो.

आता धाग्यांविषयी. सुती, व्हिस्कोस आणि लिनन हे तिघेही सेल्युलोजचे. ताणलेल्या अवस्थेत आतले रेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात आणि नव्या जागी पुन्हा जुळतात, म्हणजे कापड वाकलेल्या गुडघ्याचा आकारच घेऊन बसतं. घाम आणि ऊब हे काम जलद करतात. व्हिस्कोस या तिघांत गुडघ्यासाठी सर्वांत वाईट, लिननला चुण्याही भरपूर. सुती पँट धुतल्यावर पुन्हा आवळते, कारण पाण्याने तेच बंध सुटतात. पण ती आवळण केवळ पुढच्या बैठकीपर्यंत टिकते.

लोकर मात्र वेगळी आहे. तिच्या तंतूला मुळातच लाटांसारखी वळणं असतात, आतल्या केराटिनची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि तिला गंधकाचे पक्के दुवे बांधून ठेवतात. थोड्या ताणातून ती जवळजवळ पूर्ण परत येते, आणि राहिलं ते वाफ मिळाल्यावर परत येतं. नायलॉन याहून चांगलं परततं, पॉलिएस्टरही चांगलं. म्हणून पँटसाठी माझी पहिली निवड टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर-लोकर मिश्रण, दुहेरी धाग्याचं आणि घट्ट पिळाचं. नागपूरच्या मे महिन्यात लोकर म्हणजे वेडेपणा वाटेल, पण हलक्या वजनाचं टेरीवूल हवा खेळू देतं. ते नको असेल तर दोन्ही दिशांनी ताणणारं, नायलॉन-स्पॅन्डेक्स असलेलं कापड पाहा. स्पॅन्डेक्स मूळ लांबीच्या कित्येक पट ताणून परत येतं, पण क्लोरिन आणि अति उष्णता त्याला खातात. अशी पँट गच्चीवरच्या रणरणत्या उन्हात टाकू नका, सावलीत उलटी करून वाळवा, ब्लीच अजिबात नको. कापडावर बारीक पांढरे, रबरासारखे तंतू बाहेर आलेले दिसले की स्पॅन्डेक्स तुटलंय, आणि ती पँट पुन्हा सावरणार नाही.

लोकरीच्या पँटला एक दिवसाआड विश्रांती द्या आणि मोहरीकडून उलटी टांगा. तिचं स्वतःचं वजन गुडघा ओढतं. इथे हवामान आड येतं. पावसाळ्यात हवेतलाच ओलावा लोकरीला सैल करतो, त्यामुळे ती दिवसा जास्त फुगते, पण रात्री टांगली तर सावरतेही. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की नुसतं टांगून फार फरक पडत नाही. तेव्हा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बाथरूममध्ये पंधरा-वीस मिनिटं टांगा आणि मग बाहेर थंड होऊ द्या.

स्वेटरमध्ये तंतूपेक्षा विणीचा दोष मोठा. कोपर वाकलं की टाके लांब होतात आणि शेजारच्या टाक्यांतून धागा ओढून घेतात. ताण गेला तरी घर्षणामुळे धागा मागे सरकत नाही. म्हणून सैल, सपाट विणीचं कोपर आधी लोंबतं, घट्ट विणीचं उशिरा. सुती स्वेटर जड आणि वळणं नसलेल्या धाग्याचा, त्यामुळे सर्वांत लवकर. हिवाळ्यात स्टॉलवर मिळणारे बरेच स्वस्त स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते थंड असताना ठीकठाक परततात, पण गरम पाण्यात किंवा इस्त्रीखाली नरम पडून लोंबलेल्या आकारातच पक्के होतात. लेबलवर अ‍ॅक्रिलिक लिहिलं असेल तर वाफेचा प्रयोग करू नका: थंड ते कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवा वाळवा.

लोकरीच्या कोपरासाठी मात्र वाफ फार चांगली. स्वेटर टॉवेलवर आडवा पसरा, वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून दहा सेकंद वाफ सोडा, कापडाला टेकवू नका. मग बोटांनी टाके कडेकडून मध्याकडे आत थोपटा आणि पूर्ण थंड, कोरडा होईपर्यंत हात लावू नका. गरम असतानाच उचलून अंगात घातला तर नवा फुगवटा तिथेच बसतो, आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं.