जर्मनीच्या ऑफरला उत्तर देताना: पगार आणि जॉइनिंगची तारीख

"पुण्यात आहे, म्युनिकच्या कंपनीची ऑफर आलीय. वर्षाला ६२,००० युरो आणि १ मेला जॉइन हो म्हणतायत. माझी नोटीस ९० दिवसांची. पगार वाढवून आणि तारीख पुढची मागायचीय, पण मेल उद्धटही वाटू नये आणि भीक मागितल्यासारखाही नको. कसा लिहू?"

आधी तारखेचं बोलतो कारण मी तिथेच आपटलो होतो. मी लिहिलं, 'आय विल ट्राय टू जॉइन बाय फर्स्ट मे'. आपल्याकडे 'ट्राय करतो' म्हणजे जमलं तर बघू, पण तिकडच्या एचआर बाईंनी ते 'हो' धरलं, टीमला कळवूनही टाकलं, आणि मग मला शब्द फिरवावा लागला, जाम लाज वाटली.

तू आधी हिशोब कर. ब्लू कार्डच्या व्हिसाला सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट लागतं, आणि व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा अजिबात टाकू नकोस, म्हणजे ९० दिवस तिथून पुढे. समजा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सही केलीस आणि व्हिसाला सहा आठवडे धरले तर राजीनामा मार्चच्या मध्यात, सुटका जूनच्या मध्यात, आणि तिकडे जॉइनिंग बहुतेक १ तारखेलाच होतं, म्हणजे १ जुलै. मग सरळ लिही: 'माय नोटीस पिरियड इज थ्री मंथ्स. द अर्लिएस्ट डेट आय कॅन कमिट टू इज फर्स्ट जुलै, प्रोव्हायडेड द व्हिसा अराइव्ह्ज बाय मिड-मार्च'. सॉरी नको, घरची कारणं नकोत. तीन महिन्यांची नोटीस तिकडे पण सर्रास असते, त्यांना नवल वाटत नाही. कंपनी लवकर सोडेल असं वाटत असलं तरी ते आत्ता लिहू नकोस.

पगाराला 'एक्सपेक्टिंग' आणि 'हंबल रिक्वेस्ट' दोन्ही टाळ, एकात हट्ट वाटतो दुसऱ्यात लाचारी. इथल्या सीटीसीवर अमुक टक्के वाढ असंही नको, आपल्या सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं कोंबलेलं असतं, जर्मन ग्रॉसमध्ये कंपनीचा सोशल सिक्युरिटीचा वाटा धरलेलाच नसतो, तुलना फसते. कारण कामाचं दे आणि आकडा एकच दे. मी लिहिलं होतं: 'द रोल इन्क्लूड्स ऑन-कॉल अँड लीडिंग द मायग्रेशन. ऑन दॅट बेसिस, वुड ६८,००० ग्रॉस पर इयर बी पॉसिबल?' ऑन-कॉलचं इंटरव्ह्यूत त्यांनीच सांगितलेलं, म्हणून ते चाललं. '६५ ते ६८' लिहिलं असतं तर ६५ वरच अडकलो असतो. 'ग्रॉस पर इयर' मात्र विसरू नकोस, नाहीतर हातात येणारा पगार म्हणतोयस की काय असा घोळ होतो.

'कमी दिलंत तर येणार नाही' हे खरंच नाही म्हणायची तयारी असेल तरच. आणि ते 'काइंडली डू द नीडफुल' शेवटी चिकटवू नकोस बाबा, तिथे कुणाला कळत नाही नक्की काय करायचंय. त्याऐवजी 'कुड यू लेट मी नो बाय फ्रायडे?' पुरे.

मला ६६,००० वर उत्तर आलं, १ जुलै मान्य. मग मी फक्त सुधारलेलं कॉन्ट्रॅक्ट मागितलं, आणि ते आल्यावरच सही केली.