उणे चाळीसला दोन्ही काटे जुळतात, ते का?

माझा मुलगा मिनेसोटात असतो. परवा फोनवर म्हणाला, "आई, बाहेर उणे चाळीस आहे." मी विचारलं, सेल्सिअस की फॅरेनहाइट? तर म्हणे, "काहीही समज, एकच आहे." खरं का हे? (खारघर)

अगदी खरं. समुद्रसपाटीला पाणी सेल्सिअसमध्ये ० ला गोठतं नि १०० ला उकळतं, तर फॅरेनहाइटमध्ये ३२ ला गोठतं नि २१२ ला उकळतं. म्हणजे तेच अंतर एकाने १०० पायऱ्यांत कापलं आणि दुसऱ्याने १८० पायऱ्यांत. म्हणून तापमान सेल्सिअसची एक पायरी उतरलं, की फॅरेनहाइटचा आकडा १.८ ने उतरतो.

आता ठाण्याहून सुटलेली स्लो लोकल आणि तिच्या मागून येणारी फास्ट डोळ्यांसमोर आणा. पाणी गोठतं त्या क्षणी सेल्सिअस शून्यावर आहे आणि फॅरेनहाइट ३२ वर, म्हणजे खाली उतरण्याच्या शर्यतीत तो ३२ ने मागे आहे. पण दर पायरीला तो १.८ उतरतो आणि सेल्सिअस फक्त १, त्यामुळे अंतर दर वेळी ०.८ ने घटतं. ३२ भागिले ०.८ म्हणजे ४०. शून्याखाली चाळीस पायऱ्यांवर फास्टने स्लोला गाठलं. त्यानंतर ती पुढेच निघून जाते: उणे ५० सेल्सिअसला फॅरेनहाइट उणे ५८ असतो. वेग कधी बदलत नाहीत, म्हणून ही गाठ एकदाच पडते.

बाई, मुलगी आठवीत आहे. तिने x = १.८x + ३२ असं समीकरण बरोबर मांडलं, पण उत्तर अधिक ४० काढलं. चुकतंय कुठे? (वर्तकनगर, ठाणे)

मांडणी जमली आहे, म्हणजे अवघड भाग तिने पार केलाय. दोन्ही आकडे सारखे हवेत, म्हणून दोन्हींना एकच x म्हणायचं, हेच तर सुचावं लागतं. चूक पुढच्या ओळीत झाली असणार. १.८x डावीकडे नेलं की

x − १.८x = ३२
−०.८x = ३२
x = −४०

लहानातून मोठं वजा केल्यावर ०.८ च्या मागे उणे चिन्ह येतं. घाईत ते गळतं आणि उत्तर ४० येतं. मुलं सूत्र ९/५ घेऊन लिहितात तेव्हा आणखी एक चूक होते. पाचने गुणताना ३२ ला गुणायचं राहून जातं, 5x = 9x + 160 ऐवजी 5x = 9x + 32 लिहिलं जातं आणि उत्तर उणे ८ येतं. दोन्ही चुका ताळा केला की लगेच सापडतात. ४० सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरेनहाइट, आणि उणे ८ सेल्सिअस म्हणजे १७.६ फॅरेनहाइट. जुळत नाहीत, म्हणजे उत्तर चूक. तिला ताळ्याची ही एक ओळ दर वेळी लिहायला लावा.

उत्तर आलं की तिथे थांबू मात्र नका. उणे ४० हाच आरंभ धरला, म्हणजे दोन्ही आकड्यांत ४० मिळवले, तर ते नकोसे ३२ नाहीसे होतात:

F + ४० = १.८ × (C + ४०)

मला हे रूप पाठ्यपुस्तकातल्या सूत्रापेक्षा कितीतरी अधिक आवडतं. ४० मिळवा, १.८ ने गुणा, ४० वजा करा. उलट जाताना फक्त गुणण्याऐवजी भागायचं, बाकी सगळं तेच. ताप १०४ भरला तर १४४ भागिले १.८ म्हणजे ८०, त्यातून ४० गेले, ४० सेल्सिअस. आधी ३२ वजा करायचे की आधी गुणायचं, हा गोंधळच उरत नाही.

तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये ब्लास्ट फ्रीझर सांभाळतो. कंट्रोलरवर युनिट बदललं तर सेल्सिअसला उणे ३९ आणि फॅरेनहाइटलाही उणे ३९! जुळायला तर उणे ४० च पाहिजे ना? सेन्सर गेला का? (कोपरखैरणे)

एवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नका. तुमचा कंट्रोलर जवळचा पूर्ण अंश दाखवतो, दशांश नाही. समजा आत खरं तापमान उणे ३९.४ सेल्सिअस आहे. वरच्या रूपात घाला: ४० मिळवले की ०.६, गुणिले १.८ म्हणजे १.०८, त्यातून ४० गेले की उणे ३८.९२ फॅरेनहाइट. जवळच्या पूर्णांकात दोन्ही उणे ३९ च होतात. उणे ३९.५ ते साधारण उणे ३९.१७ या पट्ट्यात कुठेही हेच दिसेल, आणि पलीकडच्या बाजूला उणे ४१ चाही असाच एक चिंचोळा पट्टा आहे. खरी गाठ एकाच बिंदूवर पडते, पण पूर्ण अंशाच्या डिस्प्लेवर ती तीन आकड्यांना दिसू शकते. सेटिंगमध्ये दशांश चालू करता येत असेल तर करून बघा, फरक दिसेल.

खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही ज्या थंडीत काम करता, तिथे कंट्रोलर कोणत्या युनिटवर आहे हे आकड्यावरून कळतच नाही. तोच कंट्रोलर साठवणीच्या खोलीला लावला तर? फॅरेनहाइटवर राहिला आणि तुम्ही उणे १८ लावलं, तर खोली उणे २७.८ सेल्सिअसकडे जाईल आणि कंप्रेसर विनाकारण राबेल. उलट घोटाळा जास्त वाईट आहे. शून्य फॅरेनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस. त्या हिशोबाने कोणी ० लावलं आणि कंट्रोलर सेल्सिअसवर असला, तर मासळी नरम पडायला लागेल.

म्हणून तपासणी उणे ४० ला करू नका. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा घ्या, तो जेमतेम भिजेल इतकं पाणी घाला, ढवळा आणि प्रोब मधोमध धरा, भांड्याला टेकू देऊ नका. आकडा स्थिरावला की ० दिसायला हवा किंवा ३२. इथे दोन मोजपट्ट्यांत पूर्ण ३२ चं अंतर आहे, गफलत होणार नाही. त्याऐवजी २ किंवा ३४ दिसलं, तर मग सेन्सरकडे वळा.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या तापमापीवर ही गाठ दाखवता येईल का? (ऐरोली)

नाही. पारा उणे ३८.८३ सेल्सिअसला गोठतो, म्हणजे गाठ जेमतेम सव्वा अंशावर असताना नळीतला पाराच घट्ट होतो. त्यासाठी अल्कोहोलची तापमापी लागते. वर्गात मी आलेखावर दाखवत असे: एक रेषा F = C ची, दुसरी F = १.८C + ३२ ची. चढ वेगळे असल्यामुळे त्या एकदाच छेदतात, डावीकडे खाली.

सेल्सिअसने म्हणे आधी मोजपट्टी उलटी केली होती. मग गाठ कुठे पडली असती? (नौपाडा, ठाणे)

फार सुंदर प्रश्न. १७४२ मध्ये अँडर्स सेल्सिअसने उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिले होते. त्याच्या मृत्यूनंतर ती पट्टी उलटवली गेली. आजच्या C च्या जागी १०० − x घाला:

x = १.८ × (१०० − x) + ३२
x = २१२ − १.८x
२.८x = २१२
x ≈ ७५.७

आता एक पट्टी चढते तेव्हा दुसरी उतरते, म्हणजे दोन गाड्या समोरासमोरून येतात. म्हणूनच इथे ०.८ ऐवजी २.८ आलं. ७५.७ फॅरेनहाइट म्हणजे आजचे २४.३ सेल्सिअस, एसी २४ वर लावलेल्या खोलीपेक्षा पाव अंशाहून जरा जास्त.