पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी नफा आणि लाभांश कसा मांडावा?

प्रश्न: दादरच्या आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा आहे. अध्यक्षांचं भाषण मला लिहायचंय. नफा, लाभांश आणि पुढच्या योजना कशा मांडू?

उत्तर: सभासद हमखास विचारतात, "नफा चाळीस लाख, मग लाभांश दहाच टक्के का?" भाषण त्याच प्रश्नाभोवती बांधा. समजा निव्वळ नफा 40 लाख आणि वसूल भागभांडवल 2 कोटी आहे. मग असं लिहा:

"सभासद बंधू-भगिनींनो, थकीत कर्जांची तरतूद बाजूला काढून आपल्याला 40 लाख रुपये नफा झाला. त्यातला किमान चौथा हिस्सा, म्हणजे 10 लाख, कायद्याने राखीव निधीत जातो. 10 टक्के लाभांशाला 20 लाख लागतील. ज्यांचे 5,000 रुपयांचे शेअर्स वर्षभर आहेत, त्यांना 500 रुपये मिळतील. उरलेल्या 10 लाखांची विभागणी अहवालात दिली आहे. संचालक मंडळ या लाभांशाची शिफारस करत आहे, आपण मंजुरी द्यावी."

'लाभांश जाहीर करतो' असं मात्र लिहू नका. मंजुरीचा अधिकार सभेचा आहे, आणि महाराष्ट्रात कायद्याने 15 टक्क्यांची कमाल मर्यादाही आहे. लाभांश ठेवींवर नसतो, शेअर्सवर असतो, हेही एका वाक्यात सांगा. ज्येष्ठ ठेवीदारांचा इथेच गोंधळ होतो.

थकबाकी वाढली असेल तर ती नफ्याच्या आधी सांगा. ताळेबंद वाचणारा एखादा निवृत्त बँकवाला समोर बसलेला असतोच, आणि त्याने काढलेला आकडा अध्यक्षांनी लपवल्यासारखा वाटतो.

योजना दोनच घ्या. प्रत्येकीचा खर्च आणि तो कुठल्या निधीतून होणार, हे सांगा.