नव्याचा पगार आणि जुन्यांचे आटलेले अंतर

चि. यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा पगाराचा तक्ता मिळाला. कापसाच्या जिनिंगची जबाबदारी घेऊन तुला वर्षही झाले नाही, आणि एवढ्यात जुन्या माणसांच्या नाराजीचा प्रश्न तुझ्यापुढे आला आहे. गावातली पोरे बुटीबोरीच्या कारखान्यांकडे जातात म्हणून यंदा नवा फिटर १५,००० रुपयांवर घ्यावा लागला, आणि पाच वर्षे काम केलेल्या फिटरला १५,४०० रुपयेच मिळतात हे त्यानंतर तुझ्या ध्यानात आले, असे तू लिहितोस. यावर सगळ्यांना सरसकट दहा टक्के वाढ द्यावी, असा तुझा विचार आहे. तो का चुकतो हे आधी सांगतो.

तक्त्यात चार माणसे आहेत: नवा फिटर १५,०००, पाच वर्षांचा १५,४००, नऊ वर्षांचा १६,१०० आणि चौदा वर्षे रुईच्या गठाणी बांधायची प्रेस सांभाळणारा १७,२००. चौघांना दहा टक्के दिलेस तर महिन्याचा बोजा ६,३७० रुपयांनी वाढेल. पण नव्याचा पगार पाच वर्षांच्या माणसाच्या पगाराच्या ९७ टक्के होता, तो तेवढाच राहील. टक्केवारीने सगळे सारखे वर सरकतात आणि माणसामाणसातले प्रमाण जिथल्या तिथे राहते. पैसा खर्च होईल आणि तक्रार तशीच उरेल.

आता हे अंतर कसे आटले ते पाहा. तुमच्याकडे दरवर्षी प्रत्येकाला सहाशे रुपये वाढ मिळत आली. प्रेसवाला ८,८०० वर लागला, तेव्हा सहाशे रुपये म्हणजे जवळजवळ सात टक्के होते. आज १७,२०० वर ते साडेतीन टक्केच आहेत. पाच वर्षांचा फिटर १२,४०० वर लागला होता. पाच वर्षांत त्याला ३,००० रुपये वाढ मिळाली, आणि त्याच पाच वर्षांत नव्या माणसाचा दर २,६०० ने वर गेला. उरलेले ४०० रुपये म्हणजे त्याच्या पाच हंगामांची किंमत. कोणी मुद्दाम अन्याय केला नाही; बाहेरच्या माणसाचा भाव बाजाराने ठरवला आणि आतल्याचा सवयीने, इतकेच झाले. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि तो कुशल-अकुशल दोघांना रुपयांत सारखाच मिळत आला आहे, त्यामुळे तोही हे अंतर हळूहळू खातो.

अंतर किती असावे हे केवळ वर्षांवरून ठरवू नकोस, माणसाच्या हातात काय आहे यावरून ठरव. नवा फिटर रोलर बदलू शकतो. पाच वर्षांचा माणूस रोलरच्या चामड्यावरच्या खाचा झिजल्या की मशीनच्या आवाजावरून ओळखतो आणि नाइफचा दाब कोणाला न विचारता लावतो. हे काम चुकले तर रोलर तापतो आणि रुईत फुटकी सरकी येते. नऊ वर्षांचा पूर्ण रांग एकट्याने चालवतो. प्रेसवाला १७० किलोच्या आसपासची गठाण सारखी बांधतो आणि प्रेसच्या तेलाचा दाब पडू लागला की बंद पडण्याआधी सांगतो. हे लिहून काढले की नव्याच्या दरावर पाच वर्षांच्या माणसाला दहा टक्के, नऊवाल्याला अठरा आणि प्रेसवाल्याला तीस टक्के, अशी पायरी मला रास्त वाटते. तुला वेगळी वाटली तर बदल, पण कारण कागदावर लिही.

या हिशेबाने पगार १६,५००, १७,७०० आणि १९,५०० होतील. म्हणजे ११००, १६०० आणि २३०० मिळून महिन्याला ५,००० रुपये. तुझ्या सरसकट वाढीपेक्षा हे स्वस्त आहे आणि पैसा जिथे कमी पडला तिथेच जातो. मालकांना एकदम जमत नसेल तर दिवाळीला प्रत्येकाच्या तुटीचे साठ टक्के द्या, म्हणजे ६६०, ९६० आणि १३८०, आणि बाकीचे २,००० हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये. मात्र दोन्ही आकडे आणि दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी लेखी द्या. "पुढे बघू" या शब्दांवर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.

मुनीमजी सुचवतील की ही रक्कम वेगळा भत्ता म्हणून दाखवावी. तसे करू नकोस. ग्रॅच्युइटी मुख्यतः शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांप्रमाणे, महिना सव्वीस दिवसांचा धरून मोजतात. प्रेसवाल्याचे २३०० रुपये मूळ पगारात धरले तर चौदा वर्षांच्या सेवेवर त्याची ग्रॅच्युइटी सुमारे १८,५७७ रुपयांनी वाढते. मालकांना हा खर्च आधीच सांग. आणि ई.एस.आय. हा कामगारांचा विमा लागू असेल तर महिना २१,००० पगाराची मर्यादा लक्षात ठेव. १९,५०० वर प्रेसवाला आत राहतो, पण पुढच्या वाढींत ती ओलांडेल तेव्हा चालू अंशदान काळ संपल्यावर त्याचे अंशदान थांबेल आणि पुढे काही काळाने त्याच्या घरच्यांचा दवाखाना सुटेल, हे त्याला आधी कळले पाहिजे.

मी एका जिनिंगमध्ये व्यवस्थापक असताना नव्या मुलाला जास्त पगार दिला आणि कोणाला सांगू नकोस म्हणून बजावले. पगाराचे रजिस्टर एकच होते. प्रेसवाला सही करायला वाकला आणि वरच्या ओळीतला आकडा त्याने वाचला. तो काही बोलला नाही; फक्त त्या दिवसापासून नव्याने काही विचारले की "साहेबांना विचार" एवढेच उत्तर मिळू लागले. मला तीन आठवडे ते कळले नाही. ऐन डिसेंबरात तो दुसरीकडे गेला, आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या असताना आम्ही प्रेस दुरुस्त करायला माणूस शोधत होतो. जुना माणूस शिकवायचे थांबवतो, ही राजीनाम्याच्या कितीतरी आधीची खूण आहे. आवारात फिरताना तीच पाहत जा.

हे सारे दुरुस्त झाल्यावर पुढे पुन्हा आटू नये म्हणून दोनच गोष्टी बदल. वार्षिक वाढ रुपयांऐवजी टक्क्यांत दे. आणि नव्या माणसाचा दर वाढवण्याआधी वरच्या तिघांचे पगार त्याच महिन्यात त्याच टक्क्याने वाढवण्याचा खर्च मांड. नव्याला एक हजार जास्त म्हणजे नव्या पायरीप्रमाणे प्रत्यक्षात सुमारे ४,६०० होतात; हा आकडा पाहून कधीकधी लक्षात येते की बाहेरून माणूस आणण्यापेक्षा गावातल्या आयटीआयच्या पोराला जुन्याच्या हाताखाली दोन हंगाम ठेवणे परवडते. नव्याचा पगार मात्र कापू नकोस. त्याने ठरलेल्या दराला होकार दिला, यात त्याचा दोष नाही.

एक गोष्ट तुझ्या तक्त्यात नाही. नव्या फिटरने याआधी कुठे काम केले आहे का? त्याने दुसऱ्या जिनिंगमध्ये तीन-चार हंगाम काढले असतील तर १५,००० हा नव्याचा दरच नव्हे, आणि वरची सगळी गणिते खालून पुन्हा मांडावी लागतील. त्याला विचारून तो रकाना भर आणि तक्ता परत पाठव, मग आकडे नक्की करू.

तुझा,
काका